चोवीस टक्क्यांच्या पोटात

भागधारकांचा परतावा तीन गुणकांत फोडून बघण्याच्या ड्यूपाँट पद्धतीकडे वळण्याआधी माझं एक जुनं दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीचे शेअर घेतले. नाव सांगत नाही, आमच्या घरी ते काढायला बंदी आहे. (हशा) तिचा रिटर्न ऑन इक्विटी, म्हणजे भागधारकांच्या शंभर रुपयांवर सुटणारा निव्वळ नफा, तीन वर्षांत २० वरून २४ टक्क्यांवर गेला होता. मी खूश. माझा मेहुणा बँकेत कर्ज विभागात. त्याने विचारलं, "दाजी, कर्ज किती झालंय?" मी म्हटलं, "तू जेव आधी."

पुढच्या वर्षी शेअर आपटला, तेव्हा मी ताळेबंद उघडला. आधी २०० कोटींच्या विक्रीवर १६ कोटी नफा, म्हणजे मार्जिन ८ टक्के. मालमत्ता १६० कोटींची, म्हणजे तिच्या प्रत्येक रुपयावर विक्री सव्वा रुपया, ही उलाढाल. आणि त्या १६० मध्ये भागधारकांचे ८०, बाकी उसने; मालमत्ता त्यांच्या पैशाच्या दुप्पट, म्हणजे लिव्हरेज दोन. आठ गुणिले सव्वा गुणिले दोन, वीस.

तीन वर्षांनी विक्री २४०, नफा १४.४ कोटी. मार्जिन ६ वर आलं. मालमत्ताही २४० कोटी, म्हणजे रुपयाला विक्री रुपयाच. वाढलं काय होतं? गोदामातला माल आणि गिऱ्हाइकांकडची उधारी. वर कर्ज काढून बायबॅक केलेला, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतलेले, त्यामुळे भागधारकांचा निधी ६० वर. लिव्हरेज चार! सहा गुणिले एक गुणिले चार, चोवीस. धंदा दोन्ही बाजूंनी खंगला आणि आकडा मात्र गुटगुटीत.

ही फोड डोनाल्डसन ब्राउन यांची. ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीत ते स्फोटकं विकायचे. १९१२ मध्ये वरिष्ठांना दिलेल्या अहवालात त्यांनी मार्जिन आणि उलाढाल यांचा गुणाकार मांडला. स्फोटकं विकणाऱ्याला ताळेबंदातला सुरुंग दिसला, असं मी मेहुण्याला सांगतो. तो हसत नाही. लिव्हरेजचा तिसरा गुणक मात्र नंतर जोडला गेला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग भरभर सांगतो. पहिलं, हे तीन गुणक एकमेकांपासून सुटे नाहीत. कर्ज वाढलं की व्याज वाढतं आणि ते मार्जिनमधूनच जातं. म्हणून मार्जिन घसरलं की व्याज आणि कर देण्याआधीचा नफाही बघा. तो टिकून असेल तर दोष धंद्याचा नाही, कर्जाचा. दुसरं, तुलना एकाच व्यवसायात करा. किराणा दुकानाचं मार्जिन बारीक आणि उलाढाल जोरात, सराफाचं उलट. बँकेचं लिव्हरेज तर धंद्यातच आहे. तिसरं, निधी वर्षअखेरचा न घेता सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्हींची सरासरी घ्या, नाहीतर मार्चमधला बायबॅक अख्ख्या वर्षाचा आकडा फुगवतो. आणि जागा विकून आलेला नफा आधी बाजूला काढा. माझ्या कंपनीच्या त्या १४.४ कोटींतही एक प्लॉट होता, तो मेहुण्याने शोधला.