दहापट विम्याची अट

[दृश्य: टेबलावर पिवळसर पडलेला पॉलिसी बॉण्ड. एक बोट 'विमा रक्कम' या रकान्यावर थांबते.]

निवेदन :

मार्च महिना. ऑफिसातल्या अकाउंट्स विभागातून निरोप येतो, "गुंतवणुकीच्या पावत्या जमा करा." मग संध्याकाळी घरी ओळखीचे विमा प्रतिनिधी येतात, चहा होतो, आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आत्ता टॅक्स वाचेल, आणि शेवटी मिळेल ते सगळं टॅक्स-फ्री."

हे वाक्य बऱ्याच पॉलिसींच्या बाबतीत खरं ठरतं. ज्यांच्या बाबतीत ठरत नाही, त्यांना ते आठ-दहा वर्षांनी कळतं, आणि तोवर दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून आज हा बॉण्ड उघडून बसू या.

आयुर्विम्याला करसवलत दोन ठिकाणी मिळते. हप्ता भरताना मिळते ती वजावट. जुन्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०सी ते हेच, आणि त्याची कमाल मर्यादा इतर बचतींसकट दीड लाख रुपये. दुसरी सवलत मुदत संपल्यावर पैसे हातात येतात तेव्हा. ती कलम १०(१०डी) ची, आणि तिथे मिळालेली रक्कम, बोनससकट, करमुक्त असते.

दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो : हप्त्याच्या मानाने विमा किती आहे?

[दृश्य: कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेला भागाकार. वर वर्षाचा हप्ता, खाली विमा रक्कम.]

१ एप्रिल २०१२ पासून काढलेल्या पॉलिसीत वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. म्हणजे हप्त्याच्या निदान दहापट विमा हवा. १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१२ या काळातल्या पॉलिसींना हीच मर्यादा २० टक्के, म्हणजे पाचपट विमा पुरे. त्याआधीच्या पॉलिसींच्या मुदतपूर्तीला हे प्रमाण लागूच नाही, हप्त्याच्या वजावटीला मात्र २० टक्क्यांचीच मर्यादा आहे. गंभीर अपंगत्व किंवा कायद्याने ठरवलेले आजार असलेल्या व्यक्तींच्या विम्यासाठी, १ एप्रिल २०१३ पासूनच्या पॉलिसींना, १५ टक्के चालतात. त्यामुळे आजचा नियम वाचून जुन्या पॉलिसीबद्दल निष्कर्ष काढू नका. बॉण्डवरची पॉलिसी दिल्याची तारीख आधी पाहा.

ही अट का आली, हे समजून घेण्यासारखं आहे. विम्याला सवलत दिली ती घरातला कमावता माणूस गेला तर मागे राहणाऱ्यांना आधार मिळावा म्हणून. पण दोन लाख भरून अडीच लाखांचा विमा घेतला, तर तो आधार जेमतेम पन्नास हजारांचा. बाकी सगळी मुदत ठेवच. ठेवीच्या व्याजावर कर आणि विम्याच्या वेष्टनातल्या तशाच ठेवीवर शून्य कर, हा फरक सरकारला बुजवायचा होता. माझ्या मते हेतू योग्यच होता. दुःख याचं आहे की तो विकत घेणाऱ्यापर्यंत नीट पोहोचला नाही.

आता एक उदाहरण घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, आकडे सोयीसाठी पूर्ण रकमेचे घेतले आहेत, पण अशी पॉलिसी अनेक घरांत आहे.

[दृश्य: पुण्यातला एक फ्लॅट. कपाटातून फाइल काढणारे हात.]

एक नोकरदार बाई. मार्च २०१५ मध्ये त्यांनी दहा वर्षांची, एकरकमी हप्त्याची पारंपरिक पॉलिसी घेतली. हप्ता दोन लाख रुपये, विमा रक्कम अडीच लाख. एकरकमी पॉलिसीत सव्वापट विमा ही अगदी नेहमीची रचना आहे. कंपनीने यात काही लपवलेलं नव्हतं, दोन्ही आकडे बॉण्डवर शेजारी शेजारी छापलेले होते.

भागाकार करू. दोन लाख म्हणजे अडीच लाखांचे ८० टक्के. मर्यादा १० टक्क्यांची.

त्या वर्षी बाईंनी पावती जमा केली आणि ८०सीखाली पूर्ण दीड लाखाची वजावट घेतली. प्रत्यक्षात त्यांना मिळायला हवी होती विमा रकमेच्या १० टक्क्यांइतकी, म्हणजे पंचवीस हजार. सव्वा लाखाची वजावट जास्तीची घेतली गेली, आणि ऑफिसात कोणी हरकत घेतली नाही, कारण तिथे हप्त्याची पावती पाहिली गेली, बॉण्ड नाही.

मार्च २०२५ मध्ये मुदत संपली आणि बोनस धरून तीन लाख साठ हजार मंजूर झाले. आणि इथे नियम जास्त कठोर होतो. हप्ता भरताना कायदा फक्त कात्री लावतो, १० टक्क्यांपर्यंतची वजावट राहू देतो. मुदतपूर्तीला मात्र तो दारच बंद करतो. मुदतीतल्या एका जरी वर्षी हप्ता मर्यादेबाहेर गेला असेल, तरी १०(१०डी) ची सूट पूर्ण जाते. थोडी सूट, प्रमाणात सूट, असं तिथे काही नाही.

मग कर कशावर? भरलेले दोन लाख वजा करून उरलेल्या एक लाख साठ हजारांवर. ही रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवली जाते. बाईंनी जुनी करप्रणाली निवडली होती आणि वजावटी जाऊन त्यांचं उत्पन्न चौदा लाख होतं, म्हणजे वरचा टप्पा ३० टक्क्यांचा. कर अठ्ठेचाळीस हजार, त्यावर ४ टक्के उपकर एक हजार नऊशे वीस. एकूण ४९,९२० रुपये.

विमा कंपनीने त्यातले कापले किती? फक्त ३,२०० रुपये.

[दृश्य: बँकेच्या खात्यातली जमा नोंद. तीन लाख छप्पन्न हजार आठशे.]

या आकड्यावर जरा थांबू. सूट नसलेल्या पॉलिसीवर कंपनी नफ्याच्या भागातून टीडीएस कापते, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर २ टक्के झाला. त्याआधी ५ टक्के होता. बऱ्याच जणांना वाटतं, कर कापला गेला, विषय संपला. पण टीडीएस हा आगाऊ कापलेला छोटा तुकडा असतो. उरलेले ४६,७२० रुपये बाईंना विवरणपत्र भरताना स्वतः भरायचे होते. उलट बाजूही आहे. वर्षभरात मिळालेली अशी रक्कम एक लाखाच्या आत असेल तर टीडीएस कापलाच जात नाही. तो कापला नाही म्हणून रक्कम करमुक्त झाली, असं होत नाही.

ओळखायचं कसं? प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपलं वार्षिक माहिती विवरण उघडा. जुन्या कायद्याखालच्या वर्षांच्या नोंदीत विमा कंपनीच्या नावापुढे कलम १९४डीए दिसलं, तर कंपनीने ही रक्कम करपात्र धरली आहे. कंपनीने चुकून कापलाय असं वाटत असेल, तर बॉण्ड घेऊन हप्ता आणि विमा रक्कम ताडून पाहा.

दोन लाखांचे दहा वर्षांत तीन लाख साठ हजार होणं म्हणजे वर्षाला साधारण सहा टक्के. कर गेल्यावर हातात राहिले तीन लाख दहा हजार ऐंशी, म्हणजे साधारण साडेचार टक्के. "टॅक्स-फ्री" या एका शब्दावर विश्वास ठेवून घेतलेल्या निर्णयाची ही किंमत आहे, आणि मला ती फार वाटते.

[दृश्य: भिंतीवरचा हार घातलेला फोटो. खोलीत शांतता.]

याच बाई मुदतीच्या मध्यातच गेल्या असत्या तर? तर वारसाला मिळालेली सगळी रक्कम करमुक्त राहिली असती. हप्ता विम्याच्या ८० टक्के असला तरीही. मृत्यूदाव्याला हे प्रमाण लागत नाही. कुणी गेल्यावर कागदपत्रं चाळत बसलेल्या घराला "यावर कर भरावा लागेल का?" ही धास्ती असते. वैयक्तिक आयुर्विम्याच्या मृत्यूदाव्यात ती बाळगू नका.

नियमित हप्त्यांच्या पॉलिसीतही घोटाळा होतो, तो विमा रकमेच्या अर्थावरून. समजा वर्षाचा हप्ता चोवीस हजार आहे आणि विमा रक्कम दोन लाख. बोनसची चिठ्ठी येते, एक लाख जमा झालेले दिसतात, आणि माणूस म्हणतो, आता तीन लाखांचा विमा आहे, दहापट सहज झाली. पण कायदा बोनस मोजत नाही, परत मिळणारे हप्ते मोजत नाही, आणि मुदतीत मृत्यूसाठीची रक्कम कुठल्याही क्षणी सर्वांत कमी जितकी असेल तितकीच धरतो. इथे ती दोन लाख. हप्ता तिचे १२ टक्के. पॉलिसी २०१० ची असती तर २० टक्क्यांत बसली असती. २०१५ ची असेल तर नाही. युलिपमध्ये, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसींमध्ये, हा धोका जास्त, कारण विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनी नियमित हप्त्यांच्या युलिपला सातपट विमाही पुरेसा मानला. म्हणजे पॉलिसी विमा नियमांत पूर्ण वैध असते, पण करसवलतीत बसत नाही.

मोठे हप्ते भरणाऱ्यांसाठी आणखी एक कुंपण आहे. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पारंपरिक पॉलिसींचे वर्षाचे हप्ते मिळून पाच लाखांच्या वर गेले, तर दहापट विमा असूनही सूट सगळ्यांना मिळत नाही. पाच लाखांत बसतील तेवढ्याच पॉलिसी करमुक्त राहतात, आणि त्या कोणत्या हे निवडण्याची मुभा करदात्याला आहे. फक्त मृत्यूसाठीच्या टर्म विम्याचा हप्ता या मोजणीत येत नाही. युलिपला असंच कुंपण अडीच लाखांचं, १ फेब्रुवारी २०२१ पासून घेतलेल्यांना.

आता नव्या करप्रणालीत गेलेल्यांसाठी. तिथे हप्त्यावरची वजावट नाही, पण मुदतपूर्तीची सूट तशीच आहे, त्याच अटींसह. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आणि ८०सीची जागा कलम १२३ ने घेतली. जुन्या क्रमांकांवरून माहिती शोधताना हे लक्षात असू द्या. पॉलिसीचं प्रमाण मात्र तिच्या जन्मतारखेवरच तपासलं जातं.

[दृश्य: नव्या पॉलिसीचा लिफाफा उघडला जातो.]

आणि ज्यांच्या हातात हा लिफाफा नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी. बॉण्ड मिळाल्यापासून ३० दिवस पॉलिसी परत करण्याची मुदत असते. त्यात थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. पहिल्या पानांवरचा तपशिलाचा तक्ता काढा, वर्षाचा हप्ता दहाने गुणा, आणि मृत्यूनंतर मिळणारी सर्वांत कमी रक्कम त्याहून कमी आहे का ते पाहा. कमी असेल, तर प्रतिनिधीला बोलावून विचारा : "मुदत संपल्यावर यावर मला कर लागेल का?" आणि उत्तर लेखी मागा, तेही त्या ३० दिवसांच्या आत.