खणाचा क्रम आणि कोपऱ्यातला आकडा

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मला सांगायचंय ते थोडक्यात असं. ग्रंथालयातल्या जुन्या तालिका-कार्डांची नक्कल करताना एकेक कार्ड वरपासून खालपर्यंत पुरं करत जाऊ नका. अख्ख्या खणातले हाताने लिहिलेले शेल्फ नंबर आधी ओळीने उतरवा. मग शिक्क्यांच्या तारखा घ्या. टाइप केलेला मजकूर शेवटी. बहुतेक ठिकाणी याच्या बरोबर उलट चालतं, कारण टाइप केलेलं वाचायला सोपं असतं आणि माणूस सोप्यापासून सुरुवात करतो. उलटं का करायचं ते सांगतो, पण आधी फोटोंकडे यावं लागेल. फोटो चुकले असतील तर नकलेचा क्रम कितीही शहाणपणाचा असो, त्याला काही अर्थ नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ही कार्डं हाताळली आहेत. साधारण साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर, खालच्या कडेला मधोमध भोक, भोकातून खणाची सळई. कार्ड एकच असतं, पण त्यावर तीन वेगवेगळ्या वेळी काम झालेलं असतं. लेखक, शीर्षक, प्रकाशक हे टाइप झालं तालिका बनवताना, एका बैठकीत. डाव्या वरच्या कोपऱ्यातला शेल्फ नंबर हाताने लिहिलेला, कधी शाईने, पुष्कळदा पेन्सिलने, कारण पुस्तकाची जागा बदलली की तो बदलावा लागतो. आणि तारखांचे शिक्के पडले वर्षानुवर्षं: दाखल केल्याचा, पडताळणीचा, पुस्तक बाद केल्याचा.

त्या सळईबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. १७९१ साली फ्रान्समध्ये जप्त झालेल्या ग्रंथसंग्रहांची यादी करायचा हुकूम निघाला, आणि ती पत्त्यांच्या पानांवर करायची ठरली. तेव्हा पत्त्यांची पाठ कोरी असे. सूचना अशी होती की पानं क्रमाने लावून झाली की एका कोपऱ्यातून सुईदोरा ओवायचा. म्हणजे कार्डावरची तालिका जन्माला आली तेव्हाच करणाऱ्यांना कळत होतं की नुसती कार्डं पुरेशी नाहीत, क्रम बांधून ठेवावा लागतो. सळई म्हणजे तोच दोरा.

आता माझी तक्रार. ही मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो, आजही सांगणार.

एका ग्रंथालयात कार्डांचे फोटो काढून झाले होते आणि नकलेसाठी मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही. मंडळी मेहनती होती, काम मनापासून केलेलं होतं. फोटो काढण्याआधी त्यांनी सळया काढल्या आणि सगळी कार्डं शीर्षकांच्या अकारविल्हे लावली, नंतर शोधायला सोपं जावं म्हणून. अहो, शोधण्यासाठी अकारविल्हे यादी हवी तर संगणक ती क्षणात करून देतो! पण वर्गांकाच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या त्या नंबराच्या, क्रमाने लावलेली कार्डं एकदा मोडली की तो क्रम कुठला संगणक परत आणणार? कोणत्या कार्डाशेजारी कोणतं कार्ड होतं ही माहिती कार्डावर कुठेच लिहिलेली नसते. ती फक्त खणात असते.

बरं, फोटो मोबाइलवर काढले, त्यातल्या कागद स्कॅन करायच्या सोयीने. ती सोय कागद पांढराशुभ्र करते आणि छापलेलं काळंकुळकुळीत. टाइप केलेला मजकूर त्यामुळे फार सुरेख आला होता. पेन्सिलचे आकडे मात्र गेले. जांभळ्या शिक्क्यांची शाई उजेडाने फिकट होतेच, तेही गेले. जे उरलं त्यात लाल शिक्का आणि काळी शाई एकाच रंगाची, त्यामुळे शिक्क्याखालचा आकडा कुठला आणि शिक्क्याचा भाग कुठला ते सांगता येईना. ती सोय कडा कापते, म्हणून कोपऱ्याशी दाटून लिहिलेल्या नंबराचा पहिला आकडा कित्येक कार्डांवर अर्धाच होता.

आणि मागची बाजू? काढलीच नव्हती. मुख्य कार्डाच्या पाठीवर त्याच पुस्तकाच्या इतर कार्डांची नोंद असायची: सहलेखकाचं कार्ड कुठे, विषयाचं कुठे. पुस्तक बाद झालं की ती नोंद पाहूनच बाकीची कार्डं उपसायची. मी विचारलं, मूळ कार्डं आणा, परत काढू. तर ती रद्दीत गेलेली. फोटो झाले ना, मग जागा कशाला अडवायची! मी त्या टेबलाशी किती वेळ नुसता बसून राहिलो, मला आठवत नाही. दाखल क्रमांक टाइप केलेले होते, त्यांच्या आधाराने पुस्तकं कोणत्या क्रमाने ग्रंथालयात आली ते जुळवता आलं. फळीवर कोणत्या क्रमाने उभी होती, ते नाही.

म्हणून फोटो असे काढा. खणाच्या पुढची घुंडी फिरवून सळई काढा, पण एकावेळी एकाच खणाची. कॅमेरा स्टँडवर, भिंग खाली रोखलेलं, दिवे दोन्ही बाजूंनी तिरके. पेन्सिल चकाकते हे लक्षात ठेवा. आकडा डोळ्याला दिसतो आणि फोटोत नाहीसा होतो तेव्हा दोष बहुधा दिव्याच्या कोनाचा असतो. दिवा थोडा खाली घ्या, आकडा परत येतो. फोटो रंगीतच हवा, कडा न कापलेला, आपोआप उजळणं बंद. कार्डाच्या लांबीवर दोन हजारांच्या आसपास पिक्सेल आले की शिक्क्याचे तुटके आकडेही वाचता येतात.

प्रत्येक कार्डाचे दोन फोटो, पुढचा आणि मागचा. मागची बाजू कोरी असली तरी. इथे लोक हमखास वाद घालतात, कोऱ्या पाठीचा फोटो कशाला? कारण मग विषम क्रमांकाचा प्रत्येक फोटो पुढचा आणि सम क्रमांकाचा मागचा असतो. एखादी पाठ राहिली, तर तिथून पुढे हे उलटंपालटं होतं आणि फोटो भराभर सरकवताना लगेच डोळ्यात भरतं. कोऱ्या पाठी वगळल्या तर ही खूणच उरत नाही. मधली उंच मार्गदर्शक कार्डंही त्यांच्या जागी, दोन्ही बाजूंनी घ्या. एखादं कार्ड चुकीच्या जागी दिसलं तरी तिथेच राहू द्या. फाइलचं नाव खणाच्या क्रमावरून: सातव्या खणातल्या एकशे त्रेचाळिसाव्या कार्डाची पुढची बाजू `D07_0143_a.jpg`, मागची `D07_0143_b.jpg`. नावात शीर्षक घालू नका, वर्गांकही नको. तो अजून आपण वाचलेलाच नाही.

संयोजक हाताने खूण करतायत, दहा मिनिटं उरलीत म्हणे. आणि मूळ मुद्दा आत्ता कुठे सुरू होतोय. तर भराभर बोलतो.

नकलेचा तक्ता उघडलात की सगळे रकाने आधी मजकूर म्हणून ठरवा, नाहीतर `020` चा `20` होतो आणि `523.40` चा `523.4`. मग पहिला रकाना हाताने लिहिलेल्या नंबराचा. वर्गवार खण असेल तर हे नंबर चढत्या क्रमाने असतात, म्हणून दोन्ही बाजूंचे शेजारी मधल्या आकड्याला धरून ठेवतात. एक उदाहरण घ्या. ड्यूई वर्गीकरण, खगोलशास्त्राचा खण. एका कार्डावर ५२३, टिंब, आणि पुढे इंग्रजी १ की ७ ते कळत नाही. पेन्सिलची आडवी रेघ घासली गेलीय. आधीच्या कार्डावर ५२३.४ स्पष्ट आहे, म्हणजे ग्रह. नंतरच्यावर ५२३.८, म्हणजे तारे. या दोघांच्या मध्ये १ बसूच शकत नाही, ७ बसतो, आणि ५२३.७ म्हणजे सूर्य. आता शीर्षक बघा: सौरडागांवरचं पुस्तक. पण शीर्षक बघायचं ते निर्णयानंतर. आधी पाहिलंत तर डोळा तेच वाचतो जे वाचायला हवं असतं. टाइप केलेला मजकूर शेवटी ठेवायचं हे माझं मुख्य कारण. एकेक कार्ड पुरं करणाऱ्याला शेजारी दिसत नाही, शीर्षक मात्र दिसतं.

याला मर्यादा आहे. समजा ५२३.७ खोडून वर ५५१.५, म्हणजे हवामानशास्त्र, लिहिलंय, पण कार्ड ५२३.४ आणि ५२३.८ च्या मध्येच आहे. याचा अर्थ नंबर सुधारला आणि कार्ड हलवायचं राहिलं. शेजारी इथे एवढंच सांगतात की कार्ड कुठे होतं. पुस्तक कुठे आहे ते फळीवर जाऊनच बघावं लागेल. म्हणून खोडलेल्या नंबराला वेगळा रकाना हवाच. लेखकवार खणात तर ही युक्ती नंबराला लागूच पडत नाही. तिथे शेजाऱ्यांच्या आधाराने फक्त नावं तपासता येतात.

दुसरा रकाना शिक्क्यांचा. शिक्क्याची चाकं घसरतात, इंग्रजी ६३ आणि ६८ सारखेच उमटतात. दाखल क्रमांक वेगळ्या रकान्यात उतरवा आणि तक्त्याच्या एका प्रतीत त्या क्रमाने ओळी लावा. दाखल क्रमांकाबरोबर तारीख पुढे सरकते. ४१२६ वर जून १९६३ असेल आणि ४१२८ वर जुलै १९६३, तर मधल्या ४१२७ वर ६८ असणं कठीण. कुठे तारीख मागे उडी मारते ते तक्त्यात दिसतं. मात्र शिक्का दाखल केल्याचाच आहे ना, हे आधी ठरवा. त्याची खूण सोपी आहे: एकच तारीख खणातल्या ओळीने असलेल्या कार्डांवर दिसली तर तो पडताळणीचा, कारण पडताळणी फळीच्या क्रमाने होते. दाखल केल्याच्या तारखा खणभर विखुरलेल्या असतात. आणि हे ओळखण्यासाठी पुन्हा खणाचाच क्रम लागतो!

तिसरा टाइप केलेला मजकूर. इथे एकच गोष्ट. पुष्कळ इंग्रजी टंकलेखन यंत्रांवर १ ची कळच नसे, त्याऐवजी छोटा `l` मारत. आकड्यांत तो १ म्हणूनच उतरवा, नाहीतर १९६१ शोधणाऱ्याला `l96l` कधीच सापडणार नाही.

शेजाऱ्यांवरून ठरवलेला प्रत्येक आकडा जसा दिसतो तसा, प्रश्नचिन्हासकट, एका रकान्यात, आणि ठरवलेला शेजारच्या रकान्यात. पुढे फळीवर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर वेगळा नंबर सापडला, तर कुठला आकडा आपण वाचला होता आणि कुठला अनुमानाने भरला होता, हे कळायला पाहिजे. संयोजक उभेच राहिलेत. थांबतो. चार कार्डं पुढच्या टेबलावर ठेवली आहेत, दिवाही आहे. पेन्सिलचा आकडा कोणत्या कोनात दिसेनासा होतो ते ज्यांना पाहायचं असेल त्यांनी पुढे यावं.