कव्हर लेटरच्या पहिल्या परिच्छेदात ओळखीचं नाव: घालायचं, पण मिरवायचं नाही

नमस्कार मंडळी. कव्हर लेटरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "मॅडम, कंपनीत ओळखीचे एक जण आहेत, त्यांचं नाव पत्रात लिहू का? लिहिलं तर वशिला वाटतो, नाही लिहिलं तर ओळख असून उपयोग काय?" तर आज तेवढंच.

सोपं आधी उरकते. नाव लिहायचं. पहिल्याच परिच्छेदात लिहायचं, कारण खालचं कुणी वाचेलच असं नाही. त्या माणसाला आधी विचारायचं. आडनावाचं स्पेलिंग तपासायचं. झालं.

आता अडतं कुठे ते बघू. मी पुण्याजवळच्या कारखान्यांसाठी भरतीचं काम करते. पत्रं इंग्रजीत येतात, मी मराठीत वाचून दाखवते.

(स्क्रीनवर पहिलं पत्र)

"आपल्या कंपनीतील श्री. देशपांडे यांच्याशी माझे अत्यंत जवळचे संबंध असून त्यांनी माझी जोरदार शिफारस केली आहे."

देशपांडे हे उदाहरणापुरतं घेतलेलं नाव, कुणी अंगाला लावून घेऊ नका. पण यातून मला काय कळलं? जवळचे संबंध म्हणजे काय? एका सोसायटीत राहता? साडूचे भाऊ? आणि जोरदार शिफारस केली असेल तर ती देशपांडे मला सांगतील ना, तुम्ही कशाला सांगताय?

आता हीच जागा, हाच माणूस, दुसरं पत्र. जागा सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची आहे, चाकणच्या एका कारखान्यात. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचं कास्टिंग येतं, आत मशीनिंग होतं.

(स्क्रीनवर दुसरं पत्र)

"तुमच्या मशीन शॉपच्या क्वालिटीतले देशपांडे आणि मी आधीच्या कंपनीत दोन वर्षं एकाच लाइनवर काम केलं. ही जागा निघाल्याचं त्यांच्याकडून कळलं. जाहिरातीत कास्टिंगमधल्या दोषांचा उल्लेख आहे. मशीनिंगनंतर उघडी पडणारी पोरॉसिटी सप्लायरकडेच रोखणं हे या कामातलं मुख्य, असं त्यांनी सांगितलं. मी सध्या तेच करतो. आमच्या सप्लायरकडे डायच्या व्हेंटची साफसफाई ठरलेल्या शॉट्सनंतर करून घ्यायला सुरुवात केली आणि लीक टेस्टमधलं रिजेक्शन ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आलं."

ज्यांचा विषय नाही त्यांच्यासाठी: डाय म्हणजे साचा. त्यातली हवा बाहेर पडायच्या वाटा, म्हणजे व्हेंट, बुजल्या की हवा धातूत अडकते, आत पोकळ्या राहतात, तीच पोरॉसिटी. वरून कास्टिंग छान दिसतं. कातरल्यावर भोकं दिसतात, तोवर मशीनिंगचा खर्च झालेला असतो. पत्र लिहिणाऱ्याला हे ठाऊक आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

देशपांड्यांचं नाव दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की दुसऱ्या पत्रात त्या नावामागून कामाची काहीतरी बातमी येते, आणि त्या बातमीला लिहिणाऱ्याचं स्वतःचं काम जोडलेलं आहे. आजच्या व्हिडिओत मला हेच सांगायचंय, म्हणून जरा घोळवून सांगते.

माझ्या टेबलावरून बघा. नाव दिसलं की मी देशपांड्यांना फोन लावते. विचारते, "यांना कसे ओळखता? काम कसं होतं?" "दोन वर्षं एका लाइनवर होतो" असं पत्रात असेल आणि तिकडूनही तेच आलं, तर मी पुढे वाचते. पत्रात "अत्यंत जवळचे संबंध" आणि फोनवर "अहो, एकदा ट्रेनिंगला भेटला होता" असं झालं, तर पुढचं चांगलंही शंकेनं वाचलं जातं. ट्रेनिंगला भेटलात तर तसंच लिहा: "गेल्या वर्षी एका ट्रेनिंगमध्ये देशपांडे भेटले, तेव्हा या विभागाच्या कामाबद्दल बोलणं झालं." पुरेसं आहे. थोडकी ओळख थोडकी म्हणून सांगितली तर काही बिघडत नाही.

देशपांड्यांच्या बाजूनं बघा. "जोरदार शिफारस" लिहून तुम्ही त्यांना जामीन ठेवलंत. उद्या तुम्ही तीन महिन्यांत सोडून गेलात तर कँटीनमध्ये ऐकून कोण घेणार? "त्यांच्याकडून कळलं", "आम्ही एकत्र काम केलं" हे त्यांना बिनधास्त मान्य करता येतं. म्हणून परवानगी घेताना नुसतं "तुमचं नाव घालू का?" विचारू नका. ते वाक्यच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि म्हणा, "हे असं लिहितोय, चालेल ना?" माणसं एखादा शब्द बदलून देतात. तो बदल करा.

आणि तुमच्या बाजूनं एक तपासणी. ते नाव बोटानं झाका आणि परिच्छेद पुन्हा वाचा. दुसऱ्या पत्रात नाव झाकलं तरी पोरॉसिटी, व्हेंट, रिजेक्शन राहतं. पहिल्यात काय राहतं? "यांच्याशी जवळचे संबंध असून." संपलं.

आता माझी खास चीड. "रेफर केलं" हा शब्द! तुम्हाला जागेबद्दल सांगणं वेगळं आणि रेफर करणं वेगळं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत रेफरल म्हणजे कर्मचाऱ्यानं आतल्या पोर्टलवर तुमचा सीव्ही स्वतः भरायचा. निवड झाली तर अनेक ठिकाणी त्याला बोनसही मिळतो. तुम्ही लिहिता "देशपांडे यांनी मला रेफर केलं", मी सिस्टीममध्ये बघते, तर नोंदच नाही. त्यांनी चहा पिता पिता "अर्ज कर की" म्हटलं होतं! मग "अर्ज करायला सुचवलं" असं लिहा.

आणि खरंच रेफर करणार असतील तर घाईघाईनं स्वतः वेबसाइटवर अर्ज टाकू नका. अनेक सिस्टीममध्ये तुमचा ईमेल आधीच आलेला असेल तर नंतरचं रेफरल डुप्लिकेट म्हणून अडतं. त्यांना आधी भरू द्या, मग तुम्हाला येणाऱ्या लिंकवरून पुढे जा.

एका दादांची कमेंट आहे, "आमच्या ओळखीचे थेट डायरेक्टर आहेत, मग क्वालिटीतल्या साध्या माणसाचं नाव कशाला?" दादा, डायरेक्टरनी तुमचं काम पाहिलंय का? नसेल तर ते नाव वाचून मॅनेजरला वाटतं, हा माणूस माझ्या डोक्यावर बसवतायत. बरोबरीनं काम केलेला साधा माणूस इथे जास्त उपयोगी.

आणखी एक, देशपांड्यांनी खासगीत सांगितलेलं पत्रात आणू नका. "तुमचे सध्याचे मॅनेजर सोडून जात असल्याचं कळलं" असं लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. मॅनेजरनी राजीनामा दिलेला नसतो अजून! दुसऱ्या पत्रात दोषांचा विषय आधीच जाहिरातीत होता, हे लक्षात घ्या.

सरकारी भरतीबद्दल विचारणाऱ्यांनो, तिथे हे काहीच चालत नाही. शिफारस किंवा दबाव आणल्यास अपात्र ठरवू, असं कित्येक जाहिरातींत स्पष्ट छापलेलं असतं. तिथे कुणाचंही नाव घालू नका.

शेवटचा प्रश्न, देशपांड्यांना मेलमध्ये सीसी करू का? त्यांनी सांगितलं असेल तरच. नाहीतर मेल गेल्यावर त्यांना वेगळा निरोप टाका, "आज पाठवलं, एचआरचा फोन येऊ शकतो," आणि सोबत तो पहिला परिच्छेद. म्हणजे माझा फोन आला की ते "कोण म्हणालात?" असं विचारणार नाहीत.