नुसतं ‘एक किलो मटण द्या’ म्हणू नका

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. शाळेत असताना रविवारी पहाटे मी त्यांच्याबरोबर जायचो आणि काट्याशेजारी बसायचो. येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलायचं, “एक किलो द्या, चांगलं द्या.” त्यावर वडील ठरलेला प्रश्न विचारायचे, “करणार काय आहात? आणि खाणार कोण?” काहींना तो प्रश्न आगाऊपणाचा वाटायचा. पण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय सुरी कुठे लावायची हे खाटकाला कळत नाही. आज मी त्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

आधी बकरा. दुकानात आकड्याला धड टांगलेलं असतं, त्याच्याकडे नीट बघा. कापून ट्रेमध्ये ठेवलेल्या तुकड्यांवरून फारसं कळत नाही, टांगलेलं धड मात्र सगळं सांगतं. कोवळ्या बोकडाच्या बरगड्या अरुंद आणि गोलसर असतात. वय वाढलं की त्या रुंद आणि चपट्या होतात. हाड तोडल्यावर आत लालसर, ओलसर दिसलं तर जनावर कोवळं, पांढरं आणि दगडासारखं कडक दिसलं तर जून. मांसाचा रंगही वयाबरोबर गडद होत जातो. आमच्याकडे कोवळ्या बकऱ्याला पालवं म्हणतात. ते लवकर शिजतं, पण त्याच्या रश्श्याला भरीव चव येत नाही. रश्श्यासाठी मला वर्षाच्या आसपासचा, खच्ची केलेला बोकड आवडतो. खच्ची न केलेल्या थोराड बोकडाच्या मटणाला उग्र वास येतो, आणि तो कितीही आलं-लसूण घातलं तरी पुरता जात नाही.

बरेच खाटीक धडाला शेपटी तशीच ठेवतात, आणि बोकड असेल तर त्याची खूणही ठेवतात. ती गिऱ्हाइकासाठीच ठेवलेली असते. शेळीची शेपटी आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबणारी. मेंढीचं मटण वाईट नाही, धनगरवाड्यांवर ते आवडीनं खातात. पण त्याला चरबी जास्त आणि वास वेगळा, म्हणून बोकडाच्या भावात ते घेऊ नये. धडावर पालिकेचा शाईचा शिक्काही बघा. मुंबईत देवनारच्या पशुवधगृहात जनावर कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्य तपासणी करतात, तेव्हाच तो शिक्का उठतो. तुमच्या गावात अशी सोय असेल तर शिक्का विचारायला संकोच करू नका.

आता ताजेपणा. ताज्या मटणाचा पृष्ठभाग कोरडा असतो, त्यावर पातळ चकचकीत पापुद्रा दिसतो. बोटानं दाबलं की खळगा पटकन भरून येतो. हात बुळबुळीत झाला, खळगा तसाच राहिला, किंवा आंबूस वास आला तर पुढच्या दुकानात जा. नुकतं कापलेलं मांस थोडं जांभळट दिसतं, हवा लागली की लालभडक होतं, आणि फार वेळ झाला की तपकिरी पडू लागतं. चरबी पांढरीशुभ्र आणि घट्ट असावी. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी करतो. काही दुकानांवर लाल ताडपत्री असते किंवा आत लालसर दिवा असतो, त्या उजेडात शिळं मटणही ताजं भासतं. म्हणून तुकडा दाराशी, उन्हाच्या उजेडात दाखवायला सांगायचा.

इथे एका गैरसमजाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तक्रार याचीच सर्वांत जास्त असते. “डोळ्यांदेखत कापून घेतलं, तरी चिवट निघालं.” जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात. सकाळी सहाला कापलेला बोकड दहाच्या सुमाराला तुमच्या पातेल्यात पडला, तर नेमकं त्या ताठर अवस्थेतलं मटण शिजत असतं, मग ते कुकरच्या आठ शिट्ट्यांनाही दाद देत नाही. दोष जनावराचा नसतो, वेळेचा असतो. तेच मटण दही, मीठ, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की स्नायू पुन्हा सैल होतात. म्हणून रविवारी दुपारी पाहुणे असतील तर मटण शनिवारी सकाळी आणा. माझ्या घरी हीच पद्धत आहे, आणि तेव्हापासून चिवटपणाची तक्रार आलेली नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीचा प्रसंग घेऊ. गेल्या आषाढात आमच्याकडे आठ मोठी माणसं आणि दोन मुलं जेवायला होती, आणि एक आजी, वय अठ्ठ्याहत्तर, कवळी बसवलेली. बेत असा की तांबडा रस्सा, थोडं सुकं, आणि आजींना चावता येईल असं काहीतरी. ‘दोन किलो मिक्स द्या’ म्हटलं असतं तर मान, बरगडी, मांडी सगळं एकाच पिशवीत आलं असतं. या भागांना शिजायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो, त्यामुळे मांडी मऊ व्हायच्या आत बरगडीचं मांस हाडापासून सुटून रश्श्यात विरघळून गेलं असतं.

म्हणून मी तीन पिशव्या केल्या. रश्श्यासाठी एक किलो: पुढचा फरा, म्हणजे खांद्याचा भाग, त्यात सीन्याचे तुकडे आणि दोन नळ्या. जनावर चालताना, वाकून चरताना जे स्नायू सतत राबतात, ते खांद्यात, मानेत आणि पायात असतात. त्यांच्यात चिवट पडदे भरपूर असतात. मंद आचेवर पाण्यात शिजताना तेच पडदे विरघळतात, आणि रस्सा अंगचा दाट होतो, ओठाला किंचित चिकटतो. नळीतला गर रश्श्याला तेल आणि चव दोन्ही देतो. दुकानदाराला सांगायचं, “नळी फोडू नका, नुसती मधून तोडा,” नाहीतर हाडाचा चुरा रश्श्यात येतो. सीन्याची चरबी काढून टाकायला सांगू नका, वरची तर्री तिच्यामुळेच येते.

सुक्यासाठी साडेसहाशे ग्रॅम मागची मांडी, तुकडे जरा मोठे. मांडीत हाड कमी आणि मांस भरीव असतं, मसाला त्याला चांगला चिकटतो. बारीक तुकडे मागितले तर परतताना ते सुकून काथ्यासारखे होतात. आणि आजींसाठी पाव किलो खिमा. खिमा आधीच करून ठेवलेला कधीही घेऊ नका. मांसाचा पृष्ठभाग जितका जास्त, तितकं ते लवकर खराब होतं, आणि खिम्यात काय काय गेलंय ते डोळ्यांना दिसत नाही. समोर तुकडा निवडायचा, थोडी चरबी ठेवायची आणि दोनदा काढून घ्यायचा. एकदाच काढलेल्या खिम्यात रेषा राहतात, कवळीवाल्यांना त्याच नेमक्या अडकतात.

त्या दिवशी कलेजीही घ्यायची होती. चकचकीत, गडद तपकिरी-लाल, कडा धारदार, अशी कलेजी चांगली. तिच्यावर पांढरे ठिपके किंवा कापल्यावर हाताला लागणाऱ्या कडक नळ्या दिसल्या, तर जनावराच्या यकृतात कृमी होते असं समजावं, ती घेऊ नये. हिरवट डाग दिसला तर पित्ताची पिशवी फुटलेली आहे, तेवढा भाग कापून टाकला नाही तर सगळं कडू होतं. आम्ही पाहिलेल्या कलेजीवर ठिपके होते, म्हणून ती सोडून दिली. चांगली मिळाली तर कलेजी त्याच दिवशी करायची, फ्रीजमध्येही तिला थांबवू नये.

कोंबडीचं गणित वेगळं आहे. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात पोचते, त्यामुळे वयाचा प्रश्न जवळपास उरतच नाही. बघायचं ते पक्षी जिवंत असताना. डोळे टवटवीत, तुरा लाल, शेपटीखालची पिसं स्वच्छ. मान टाकून बसलेली, नाकातोंडातून पाणी येणारी कोंबडी नको, आणि तिच्या पिंजऱ्यातली दुसरीही नको. भाव जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्याचा, हे आधीच विचारा. दोन किलोच्या जिवंत कोंबडीतून, कातडी काढून, साधारण तेराशे ग्रॅम हाती येतं. साफ झाल्यावर पुन्हा काट्यावर ठेवायला सांगितलं, तर चांगला दुकानदार रागावत नाही. कापून ठेवलेली घेत असाल तर रंग फिकट गुलाबी हवा. पोटाकडे हिरवट छटा आणि बोटांना चिकटपणा ही बिघडल्याची खूण.

गावरान म्हणून जी विकली जाते, ती सगळीच गावरान नसते. इतर रंगीत जातीच्या कोंबड्याही त्याच नावानं खपतात. अडीच किलोची, छाती रुंद असलेली कोंबडी दिसली तर शंका घ्या, कारण परसात चरलेली देशी कोंबडी सहसा सव्वा-दीड किलोची, अंगानं शेलाटी असते. तिचं वय ओळखायला छातीच्या हाडाचं टोक दाबून बघा, लवलं तर कोवळी. कोंबड्याच्या पायाची नखी लांब आणि टोकदार असेल तर तो जून. रश्श्याला तलंग उत्तम, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली. जून कोंबडा घ्यायला हरकत नाही, पण त्याला दीड तास हळू उकळायला वेळ हवा.

घरात ताप आलेलं मूल असेल तर छातीचे तुकडे मागू नका. मांडी आणि पाय हाडासकट घ्या, सूपला चव हाडातून येते. उलट लहान मुलाच्या डब्यात चटकन परतून द्यायचं असेल तर बिनहाडाची छाती बरी, पण ती पाच-सात मिनिटांच्या वर आचेवर ठेवली की कोरडी पडते.

आता पिशवीचं. मटण घेऊन बाजारभर हिंडू नका. उन्हाळ्यात तासाभरात आणि एरवी दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, म्हणजे त्याचं पाणी कोथिंबिरीवर ठिबकत नाही. साधं कच्चं मटण आणि कोंबडी दोन दिवसांत संपवा, खिमा दुसऱ्या दिवशीच. पुढे ठेवायचं असेल तर एका वेळेचं एक, असे छोटे पुडे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, कारण एकदा वितळलेलं मटण परत गोठवलं की त्याचं पाणी सुटतं आणि ते भुसभुशीत होतं. कोंबडी नळाच्या धारेखाली जोरात धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या ताटल्यांवर उडतात. भांड्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धुवा, आणि भाजी चिरायची विळी त्या कामाला वापरू नका.

नमस्कार.