स्लाइडवर पेन कुठे आहे?

[पडद्यावर: कॅल्क्युलसच्या तासाची स्लाइड. पेन फिरतंय.]

या तासाचा मराठी अनुवाद करायचाय. सर इंग्रजीत शिकवतायत आणि स्लाइडवर एकेक चिन्ह उमटतंय. 4 मिनिटं 12 सेकंदांना d/dx येतं. दोन सेकंदांनी x². आणखी दोन सेकंदांनी = 2x.

सरांचं वाक्य आहे: ‘डेरिव्हेटिव्ह ऑफ एक्स स्क्वेअर्ड विथ रिस्पेक्ट टु एक्स इज टू एक्स.’ पेन आणि बोलणं बरोबरीनं चाललंय.

याचं सरळ मराठी होतं, ‘x² चा x सापेक्ष डेरिव्हेटिव्ह 2x असतो.’ व्याकरणात खोट नाही. पण आता स्लाइड लावून ऐका. डोळ्यांसमोर d/dx आहे, कानावर मात्र x चा वर्ग पडतोय. x² उमटेपर्यंत आवाज डेरिव्हेटिव्हवर पोचलेला असतो. मुलं पॉज दाबतात ती इथेच.

म्हणून अनुवादक वाक्य बोलीत फिरवतो.

```
00:04:12,000 --> 00:04:18,000
डेरिव्हेटिव्ह काढायचाय x² चा, x सापेक्ष.
तो येतो 2x.
```

‘काढायचाय’ आधी आणि ‘कशाचा’ नंतर. फळ्यासमोर उभं राहून आपण असंच बोलतो की!

(पंचवीस लिहिताना हात आधी 2 काढतो, तोंड आधी पाच म्हणतं. ती सवय मात्र लहानपणापासूनची; तिला कोणी हात लावत नाही.)

[पडद्यावर: आपोआप तयार झालेला इंग्रजी उतारा]

आता दुसरी खोच. यंत्रानं ऐकून लिहिलेल्या उताऱ्यात ‘साइन थीटा’ होतं. उच्चार एकच, पण स्पेलिंग पडलं खुणेच्या ‘साइन’चं. स्लाइड न उघडता काम केलेल्या एका अनुवादात मग उतरलं, ‘चिन्ह थीटा’. स्लाइडवर स्वच्छ sin θ लिहिलेलं होतं.

यावरचा उपाय साधा आहे. अनुवादाआधी स्लाइड पाहून प्रत्येक सूत्राच्या जागी [F1], [F2] अशा खुणा ठेवायच्या. भोवतीचं मराठी झालं की खुणा मोजायच्या आणि मग सूत्रं होती तशी परत बसवायची. इंग्रजीत सात आणि मराठीत सहा भरल्या, तर एक सूत्र कुठेतरी गळलंय. आकडा जुळला तरी क्रम स्लाइडशी ताडून पाहावाच लागतो.

[पडद्यावर: वेळ आणि निवेदन असे दोन रकाने]

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या व्हिडिओ-पाठांच्या अनुवादाच्या संहिता अशा दोन रकान्यांत असतात. पडदा मूळचाच राहतो, आवाज तेवढा मराठी होतो. त्यामुळे वेळेचा रकाना हलवता येत नाही.

सहा सेकंदांच्या जागेत मराठी वाक्य साडेसात सेकंदांचं झालं, तर कात्री सूत्राला लागत नाही. अनुवादक स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचतो आणि ‘आता आपण इथे असं पाहतो की’ एवढं खोडतो. दीड सेकंद सुटतो.