मान मोडून घेण्याआधी

[दृश्य: सलूनची खुर्ची, तेलमालिश]

दाढी झाली, डोक्याची मालिश झाली. आता न्हावी एक हात हनुवटीखाली धरतो, दुसरा डोक्यामागे, आणि मान झटक्यात फिरवतो. कडाक! गिऱ्हाईक म्हणतं, "मोकळं वाटलं."

हाड जागेवर बसल्याचा हा आवाज नाही. मणक्यांच्या सांध्यात पातळ द्रव असतो. सांधा झटकन ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा हा आवाज. आराम खरा असतो, पण बहुतेकदा थोड्या वेळापुरता.

[दृश्य: मानेच्या मणक्यांचं चित्र]

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात. त्यांतून दोन धमन्या वर चढतात आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देतात. सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालून त्या कवटीत शिरतात. मान जोरात फिरली की नेमकी तिथेच ओढ बसते. धमनीच्या अस्तराला चीर पडली तर रक्ताची गुठळी धरते, आणि ती मेंदूत पोचली की पक्षाघात.

असं क्वचितच घडतं. शिवाय दोष नेहमी झटक्याचाच असतो असंही नाही. 2008 साली कॅनडातल्या ऑन्टारिओचा एक मोठा अभ्यास आला. या प्रकारचा पक्षाघात झालेले लोक आधी जसे कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, गेले होते, तसेच साध्या डॉक्टरकडेही गेले होते. म्हणजे बऱ्याच जणांच्या धमनीला चीर आधीच पडलेली असावी आणि तिचंच दुखणं त्यांना तिथे घेऊन गेलं असावं. मला यात दिलासा दिसत नाही. अशा मानेला झटका देणं म्हणजे फाटलेलं आणखी फाडणं.

मग ओळखायचं कसं? समजा, चाळिशीतल्या एका बाईंची मान सकाळपासून एकाच बाजूला दुखतेय. असं दुखणं त्यांना पूर्वी कधीच झालेलं नाही, आणि कळ डोक्याच्या मागे चढतेय. एवढ्यावरच हाडवैद्याचा रस्ता सोडून डॉक्टर गाठायला हवा. त्यात चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना त्रास, चेहरा बधिर होणं किंवा चालताना तोल जाणं, यातलं काही असेल तर थेट 108. मानेला झटका दिल्यानंतर काही तासांनी, अगदी काही दिवसांनी ही लक्षणं दिसली तरीही तेच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

[दृश्य: कंबरेला हात लावून बसलेले आजोबा]

कंबरेचं गणित वेगळं. लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, मांड्यांमधली जागा बधिर झाली असेल, दोन्ही पायांतलं बळ जात असेल, तर नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो; त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. रात्री वाढणारी पाठदुखी, सोबत ताप आणि घटतं वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ तपासावी लागते. हाडं ठिसूळ झालेली, संधिवाताने मान धरलेली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेली माणसं, यांनीही झटका घेऊ नये.

चांगला उपचारक हे सगळं आधी विचारतो. काही न विचारता कुणी हनुवटीला हात घातला, तर तो तिथेच थांबवा. सलूनमध्ये खुर्चीत बसतानाच सांगा: "मालिश करा, मान मोडू नका."