हॉर्न नसलेला हॉर्न

नमस्कार मंडळी. आपल्याकडे सनई वाजली की मांडव न बघताही कळतं, लग्न आहे. अठराव्या शतकातल्या व्हिएन्नात अशा ठरलेल्या खुणा बऱ्याच होत्या आणि हायडन, मोझार्ट, बीथोवन त्या अगदी हिशोबाने वापरायचे. अभ्यासक त्यांना टॉपिक म्हणतात. शिकार, सैन्य, खेडं हे त्यातले मोठे तीन. आज मी मुख्यतः शिकारीबद्दल बोलणार आहे, कारण ती खूण कशी तयार झाली हे तुम्ही घरी पेटीवर वाजवून बघू शकता.

त्या काळच्या हॉर्नला सूर बदलायचे व्हॉल्व्ह नव्हते, नुसती गुंडाळलेली पितळी नळी. फुंकेवर जेवढे सूर निघतात तेवढेच, आणि गंमत अशी की वरच्या भागात ते जवळजवळ येतात पण खाली त्यांच्यात मोठमोठ्या फटी असतात. आता दोन हॉर्नवाले एकत्र वाजवायला बसले, वरचा सा रे ग असा सरळ चढतो, खालच्याला मधले सूर मिळतच नाहीत, म्हणून तो उड्या मारत ग प सा असा जातो. पेटीवर वाजवताना त्याचे ग आणि प खालच्या सप्तकातले घ्या, शेवटचा सा मात्र वरच्याने जिथून सुरुवात केली तोच. उलट उतरताना वर ग रे सा, खाली सा प ग. एवढंच. पण हे दोन आवाज असे चालले की युरोपातल्या श्रोत्याला लगेच जंगल, घोडे, जमीनदारांची शिकार दिसायची, कारण शिकारीत हाका द्यायला हॉर्नच असायचे.

सैन्याचा ट्रम्पेट आणि खेड्यातला बॅगपाईप यांचंही साधारण असंच. बॅगपाईपचा खालचा सूर सतत चालू राहतो, म्हणून बीथोवनच्या सहाव्या सिम्फनीत, 1808 ची ती, अगदी सुरुवातीला चेलो आणि व्हायोला सा-प धरून बसतात आणि आपण गावात पोचतो.

खरी मजा मात्र वाद्य गायब झालं तरी खूण शिल्लक राहते तेव्हा येते. मोझार्टची एक स्ट्रिंग क्वार्टेट आहे, 1784 ची, क्रमांक के 458, तिला लोक 'हंट' म्हणतात (नाव मोझार्टने दिलेलं नाही हं). चारही वाद्यं तारांची, पण सुरुवातीची सहा-आठची, म्हणजे सहा मात्रांची, दौडती लय ऐकून लोकांना शिकार दिसली. आता कुणी म्हणेल सहा-आठ आलं की शिकार, तर तसं नाही, तीच लय संथ झाली, डोलायला लागली की बहुतेक वेळा मेंढपाळ असतो. म्हणजे फक्त मात्रा मोजून भागत नाही, वेग आणि हॉर्नची ती चाल दोन्ही बघावं लागतं.

शिवाय हॉर्न म्हणजे शिंगही. युरोपात बायकोने फसवलेल्या नवऱ्याला शिंगं फुटतात अशी थट्टा होती. मोझार्टच्या 1786 च्या फिगारो ऑपेरात चौथ्या अंकात फिगारोला वाटतं आपली सुझाना आपल्याला फसवतेय, तो बायकांवर तोंडसुख घेतो आणि शेवटी म्हणतो, पुढचं मी सांगत नाही, सगळ्यांना माहितीये. आणि ते पुढचं ऑर्केस्ट्रातले हॉर्न वाजवून सांगतात! मला विचाराल तर ऑपेरातला यापेक्षा चावट विनोद सापडणं कठीण.

आता बीथोवन. मे 1809, नेपोलियनची फौज व्हिएन्नावर चालून येत होती आणि बीथोवनचा शिष्य आणि आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फ शहर सोडून गेला. त्यासाठी बीथोवनने पियानो सोनाटा लिहिला, ओपस 81 ए. पहिले तीन सूर ग रे सा, त्यांच्यावर त्याने जर्मन शब्दाची तीन अक्षरं लिहिलीत, लेबेवोल, म्हणजे येतो, सांभाळून राहा. खाली सा, मग प, अगदी हॉर्नची चाल, आणि तिसऱ्या सुराला कान घरी पोचायची वाट बघतो तर डावा हात खाली सा न देता मंद्रातला ध लावतो. वर सा आहेच, पण पायाखालची जमीन सरकली, उजळ मेजरचं उदास मायनर झालं. शिकारीचा हॉर्न लांबून, जंगलापलीकडून ऐकू यायचा, म्हणून तो दुराव्याचीही खूण झाला होता, आणि बीथोवनने नेमका तोच अर्थ उचलला, घोडे-कुत्रे मागे ठेवले.

सोनाट्याच्या पहिल्या भागाच्या शेवटाकडे मुद्दाम लक्ष द्या. तिथे हीच हाक एकावर एक चढते, पहिली संपायच्या आत दुसरी, त्यामुळे न जुळणारे सूर एकाच वेळी कानावर पडतात. व्याकरणाने ही चूकच, पण दोघं एकमेकांपासून लांब जात हाका मारतायत म्हटलं की त्या अशाच आदळणार.

रुडॉल्फ जानेवारी 1810 मध्ये परत आला, सोनाट्याचा तिसरा भाग त्या परतण्याचाच आहे. आज वेळेअभावी फक्त पहिला भाग वाजवतोय. तिसऱ्या सुराला डाव्या हाताकडे कान ठेवा.